रेष साठवायची की ठिपके?

कार्टूनमधल्या एखाद्या मुलीची भुवई घ्या. काळी, थोडी जाड, एकच कमान. ही भुवई संगणकात ठेवायच्या दोन पद्धती आहेत. द्विमितीय ॲनिमेशनचे काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला त्यांतली एक निवडावी लागते, आणि बहुतेक जण ती हाताशी असलेले सॉफ्टवेअर पाहून निवडतात. त्याचा त्रास पुढे होतो, चित्रे काढून झाल्यावर.

पहिली पद्धत रास्टर. कागदावर बारीक चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीचा रंग नोंदवायचा. चौकटीच्या कापडावर क्रॉसस्टिचचा नमुना भरतात तसेच हे काम. चौकट म्हणजे पिक्सेल. भुवईसाठी १०० रुंद आणि ५० उंच चौकटींचा तुकडा घेतला, तर ५,००० पिक्सेल झाले. प्रत्येकाचा लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे धरले, तर २०,००० बाइट. त्यातले बहुतेक पिक्सेल रिकामे आहेत, पण ‘इथे काही नाही’ हेसुद्धा नोंदवावे लागते.

दुसरी पद्धत वेक्टर. इथे भुवई कशी काढायची तेवढेच लिहून ठेवतात. एसव्हीजी या प्रकारच्या फाइलमध्ये ती ओळ अशी दिसते:

```
<path d="M10 40 C 30 10, 70 10, 90 40" fill="none" stroke="black" stroke-width="6"/>
```

डावीकडच्या बिंदूपासून सुरुवात कर, वरच्या दोन बिंदूंच्या ओढीने वळत उजवीकडच्या बिंदूवर जा, रेष काळी, जाडी सहा. पुरी शंभर अक्षरेही नाहीत. चार बिंदूंनी बांधलेल्या या वळणाला बेझिए वक्र म्हणतात. रेनॉ या मोटार कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांच्यावरून हे नाव पडले. सित्रोएनमधल्या पॉल द कास्तलजो यांनीही स्वतंत्रपणे तेच गणित मांडले होते. मोटारीच्या पत्र्याचा बाक अचूक लिहून ठेवता यावा म्हणून केलेले हे काम पुढे अक्षरांच्या फाँटमध्ये आले आणि तिथून कार्टूनच्या भुवईपर्यंत पोचले.

आता भुवई उंचावायची आहे. वेक्टरमध्ये वरच्या दोन बिंदूंमधले `10` हे आकडे `0` केले की कमान वर जाते. दहापासून शून्यापर्यंत आठ फ्रेममध्ये जायचे, एवढे सांगितले तर मधले आकडे संगणक स्वतः काढतो. रास्टरमध्ये तुकडा सरकवता येतो, फिरवता येतो, ताणताही येतो. पण कमानीचे वळण स्वच्छ बदलायचे तर पुन्हा काढणे आले. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की मग वेक्टरच घ्यावे. एकेकाळी सगळ्यांनी तसेच म्हटलेही, आणि त्याला सबळ कारण होते.

१९९६ साली जोनाथन गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर नावाचे सॉफ्टवेअर काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतले आणि त्याचे नाव फ्लॅश झाले. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचे. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम साडेतीन हजार बाइट मिळायचे. त्या काळच्या ६४० बाय ४८० च्या पडद्यावर २५६ रंगांचे एक चित्र, आकार कमी करण्याची कोणतीही युक्ती न वापरता, सुमारे तीन लाख बाइटचे होते. म्हणजे एका चित्राला जवळजवळ दीड मिनिट. सेकंदाला १२ चित्रे धरली तर एक सेकंदाच्या हालचालीसाठी सतरा मिनिटे थांबायला लागले असते. फ्लॅशने रेषेचे आकडे पाठवले आणि चित्र पाहणाऱ्याच्या संगणकावर काढले. एकदा काढलेला हात ‘सिंबॉल’ म्हणून ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा वापरायचा, म्हणजे तो एकदाच उतरवून घ्यावा लागायचा.

या काटकसरीतून एक शैली तयार झाली. जाड, गुळगुळीत बाह्यरेषा, सपाट रंग, सांध्यांवर फिरणारे हातपाय. पेनची थरथर सॉफ्टवेअर पुसून टाकायचे, कारण प्रत्येक थरथरीला जास्तीचे बिंदू लागत. पुढे ही शैली टीव्हीवरही आली. क्रेग मॅक्रॅकन यांची ‘फॉस्टर्स होम फॉर इमॅजिनरी फ्रेंड्स’ ही २००४ ची मालिका फ्लॅशमध्येच झाली, आणि ती देखणी आहे. तिच्या कलाकारांनी सपाट रंग आणि भौमितिक आकार मनापासून स्वीकारून त्यांतून रचना उभी केली. पण ज्यांनी फक्त फाइल लहान राहावी म्हणून तशी चित्रे काढली, त्यांची पात्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी झाली.

आजचा निर्णय त्या काळच्या हिशेबावर घेता येत नाही, याचे पहिले कारण असे की आज आपले ॲनिमेशन बहुतेक वेळा व्हिडिओ म्हणून बाहेर पडते. आणि व्हिडिओ हा रास्टरच असतो. तुम्ही बिंदूंनी काढा की कोळशाने, शेवटी सगळ्याचे पिक्सेल होतात आणि व्हिडिओची फाइल केवढी होणार हे तिला सेकंदाला किती बिट द्यायचे यावर ठरते. दोन मिनिटांची फिल्म सेकंदाला ८ मेगाबिटने काढली तर ती १२० एमबीच्या आसपास होते. चित्राचा मूळ प्रकार कोणता होता याने त्या आकड्यात फरक पडत नाही.

फरक पडतो तो दर्जात. व्हिडिओ लहान करणारी पद्धत एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये काय तसेच राहिले ते शोधते आणि तेवढे पुन्हा साठवत नाही. सपाट रंगाची भिंत तशीच राहते, तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पेन्सिलचा रवाळ पोत प्रत्येक चित्रात नव्याने येतो, आणि तो राखायचा तर बिट लागतात. तितके बिट दिले नाहीत तर पोताचा चिखल होतो, आणि गडद भागात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. म्हणून मोबाइलवर, कमी वेगाच्या जोडणीवर पाहिली जाणारी फिल्म असेल तर पोत थोडा मोठा आणि ठळक ठेवावा. बारीक दाणा तिथे टिकत नाही.

ॲनिमेशन व्हिडिओ न होता थेट ॲपमध्ये किंवा वेबपानावर चालणार असेल, तर मात्र जुना हिशेब अजून खरा आहे. पैसे पाठवल्यावर फिरणारी बरोबरची खूण, शाळेच्या ॲपमधला डोळे मिचकावणारा ससा, अशी कामे आज बरीचशी लॉटी नावाच्या प्रकारात होतात. एअरबीएनबी कंपनीने २०१७ मध्ये ते खुले केले. त्यात वळणाचे बिंदू आणि त्यांच्या हालचालीच्या वेळा मजकुराच्या रूपात असतात आणि चित्र फोनवरच काढले जाते. इथे वेक्टरला तोड नाही. पण त्याच फाइलमध्ये एखाद्याने रंगवलेली पार्श्वभूमी चिकटवली की पिक्सेल आत येतात आणि सगळी काटकसर संपते. फाइल अचानक का फुगली हे शोधायचे असेल तर आधी तिच्या आत कुठे चित्र दडले आहे का ते पाहावे.

तेव्हा फाइलच्या आकाराचा प्रश्न अंतिम फाइलपुरता असा सुटतो. कामाच्या फाइलींचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मोठे करण्याच्या प्रश्नात गुंतलेला आहे. एक शॉट घेऊन पाहू.

दहा सेकंदांचा शॉट आहे. वाड्याचा चौक, मागे पडवी, पायरीवर एक मुलगी बसलेली. कॅमेरा सावकाश पुढे जातो आणि शेवटी तिचा चेहरा चौकट भरून टाकतो. म्हणजे शेवटी चित्र सुरुवातीच्या चौपट मोठे झालेले आहे. फिल्म १९२० बाय १०८० पिक्सेलची आहे. सेकंदाला २४ फ्रेम, पण नेहमीच्या प्रथेप्रमाणे प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे, एकूण १२०.

रास्टरमध्ये नियम सोपा आहे. शेवटी जितके मोठे दाखवायचे तितक्या आकारात मुळात काढायचे. चौपट झूम असेल तर कॅनव्हास ७६८० बाय ४३२० चा हवा. असे एक चित्र स्मृतीत सुमारे १३३ एमबी जागा घेते. पार्श्वभूमीसाठी हे चालते, कारण पार्श्वभूमी एकच आहे. पडवी, खांब, चौक, पुढची तुळस असे पाच लेयर केले तरी साडेसहाशे एमबीच्या आसपास, बऱ्यापैकी संगणकाला ते झेपते. पण मुलीची १२० चित्रे त्याच कॅनव्हासवर काढली तर १६ जीबी होतात. तिच्यापुरतीच चौकट कापून घेतली, समजा कॅनव्हासचा आठवा भाग, तरी २ जीबी. डिस्कवर पीएनजी करून ठेवल्यावर आकार बराच कमी होतो, कारण सारखे पिक्सेल एकत्र मोजले जातात. सपाट रंगाचे चित्र तर फारच लहान होते. पण रंगवायला आणि चालवून पाहायला ते पूर्ण उघडावेच लागते. मग पेन टेकवल्यावर रेष थोड्या वेळाने उमटते, आणि उशिरा उमटणाऱ्या रेषेने कोणालाही चांगले चित्र काढता येत नाही.

तीच मुलगी वेक्टरमध्ये काढू. साधे पात्र, चित्रात ३०० बिंदू धरू. प्रत्येक बिंदूला स्वतःची जागा आणि दोन बाजूंचे दोन खेचणारे दांडे, असे सहा आकडे, २४ बाइट. एका चित्राला सात हजार बाइट, १२० चित्रे मिळून एका एमबीच्या आत. आणि हवे तेवढे मोठे केले तरी कडा धारदार.

इथपर्यंतचा हिशेब प्रत्येक शिकवणीत सांगतात. पुढचा भाग बहुधा राहून जातो, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चौपट मोठे केलेले वेक्टर चित्र धारदार राहते, पण त्यात काढलेले तेवढेच असते. लांबून पाहताना मुलीचा डोळा म्हणजे एक काळा ठिपका होता आणि तो तिथे बरोबर होता. चौकट भरून चेहरा आला की तो एक मोठा, अगदी स्वच्छ काळा ठिपका होतो. पापणी नाही, बुबुळ नाही, डोळ्यात तरारलेले पाणी कुठे दाखवायचे याला जागा नाही. तीन पिक्सेलची रेष बारा पिक्सेलची होते आणि चेहरा मार्करने काढल्यासारखा दिसतो. झूम झाला तरी रेषेची जाडी तीच राखण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते. पण मग उलट अडचण येते. एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर रेष केसासारखी बारीक आणि आत रिकामे मैदान. हातानेच काढणारा माणूस लांबचे आणि जवळचे चित्र वेगवेगळे काढतो, कारण कुठल्या अंतरावरून काय दिसते हे त्याला ठाऊक असते. कुठल्याही प्रकारची फाइल हे काम त्याच्याऐवजी करत नाही.

म्हणून या शॉटचे मी तीन तुकडे करीन. पहिली सहा सेकंदे लांबची मुलगी, तिच्या लहान आकारासाठीच काढलेली. या काळात झूम दुपटीपर्यंतच जातो. शेवटच्या तीन सेकंदांत जवळचा चेहरा, नव्याने, डोळ्याच्या पापणीसकट. मधल्या एका सेकंदात कॅमेऱ्याच्या वाटेत तुळशीची फांदी येऊ द्यायची आणि तिच्या आड एका मुलीची दुसरी करायची. आता कोणताही कॅनव्हास ३८४० बाय २१६० च्या वर लागत नाही. रास्टरमध्ये हे चित्र ३३ एमबीचे, म्हणजे आधीच्या चौथ्या भागाचे. शिवाय लांबच्या तुकड्यात मुलगी जवळजवळ स्थिर बसली आहे, फक्त केस हलतात, डोके वळते. तिथे ७२ पैकी वीस-पंचवीस नवी चित्रे पुरतात. रास्टर परवडत नाही असे पहिल्या हिशेबाने वाटले होते, ते शॉट नीट मांडल्यावर परवडू लागते.

लहान करतानाची अडचण कमी बोलली जाते, पण ती पडद्यावर लगेच खटकते. वेक्टरची बारीक रेष लहान होत होत एका पिक्सेलपेक्षा पातळ झाली की ती पिक्सेलांच्या मधे पडते. एका फ्रेममध्ये थोडी गडद, दुसऱ्यात फिकट. कॅमेरा मागे जाताना वाड्याच्या कौलांच्या आडव्या रेषा चमचमू लागतात. संगणकाच्या पडद्यावर थांबवून पाहिले तर प्रत्येक फ्रेम बरोबर दिसते, म्हणून चूक सापडत नाही. चालवून पाहिल्यावरच कळते. यावर उपाय एकच, लांबच्या आकारात काही रेषा काढून टाकायच्या. दहा कौलांऐवजी चार.

आता शैली. मला विचाराल तर निवड इथून सुरू व्हावी आणि आकाराचा हिशेब तिच्यामागून यावा.

आयर्लंडमधल्या कार्टून सलूनची ‘वुल्फवॉकर्स’ ही २०२० ची फिल्म पाहा. टॉम मूर आणि रॉस स्टुअर्ट यांनी ती दिग्दर्शित केली आणि तिचे ॲनिमेशन टीव्हीपेंट या रास्टर सॉफ्टवेअरमध्ये झाले. फिल्ममध्ये तटबंदीतले शहर आहे आणि बाहेरचे जंगल आहे. शहरातल्या माणसांची रेष जुन्या लाकडी ठशांच्या छापासारखी जाड, कोनाकोनाची आहे. जंगलातल्या पात्रांची रेष सैल आहे. कच्च्या आराखड्याच्या रेषा पुसलेल्याच नाहीत, त्या हालचालीबरोबर दिसत राहतात. रेषेचा हा फरक म्हणजेच त्या फिल्मची गोष्ट आहे. ही सैल रेष बिंदूंनी बांधायला गेलो तर जे जपायचे तेच आधी जाईल, कारण बिंदूंची संख्या आवाक्यात ठेवायची तर रेष गुळगुळीत करावी लागते.

मुंबईत घडणारी गीतांजली राव यांची ‘बॉम्बे रोझ’ ही २०१९ मधली फिल्म तर फ्रेममागून फ्रेम रंगवलेली आहे. तिथे रंगाचा लेप हाच चित्राचा जीव आहे, आणि लेपाला बाह्यरेषा नसते. बाह्यरेषा नाही तर बिंदू ठेवायचे कुठे, हा साधा प्रश्न स्वतःला विचारला तरी अशा शैलीला रास्टर का लागते ते कळते.

‘पण वेक्टरमध्येही खडबडीत ब्रश असतात’ असे कोणी म्हणेल. असतात, आणि ते दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात रेष वेक्टरचीच राहते आणि तिच्यावर पोताचे रास्टर चित्र चढवले जाते. टून बूम हार्मनीमध्ये असे पेन्सिल आणि ब्रश आहेत. ते चांगले दिसतात, मात्र खूप मोठे केले की पोत मऊ पडतो, कारण त्याच्यापुरते आपण पुन्हा पिक्सेलवर आलेलो असतो. दुसऱ्या प्रकारात खडबडीत कडेचा प्रत्येक खाचखळगा बिंदूंनी काढला जातो. कागदावरचे कोळशाचे चित्र स्कॅन करून त्याचे वेक्टर करायला दिले की हेच होते. एका चित्रात एक लाख बिंदू आले असे धरू. २४ बाइटच्या हिशेबाने ते चित्र २.४ एमबीचे, १२० चित्रे जवळजवळ २९० एमबीची, आणि प्रत्येक फ्रेम दाखवताना ते लाखभर बिंदू पुन्हा सोडवायचे. ॲनिमेशन अडखळत चालते. तेच कोळशाचे चित्र रास्टर ठेवले असते तर ते सरळ उघडले आणि सरळ चालले असते. सुटसुटीतपणा असतो तो थोड्या बिंदूंचा. बिंदू वाढले की वेक्टरचा फायदा विरघळत जातो आणि एका टप्प्यानंतर उलटतो. तुमच्या शैलीला किती बिंदू लागतात हे पाहायचे असेल तर एक चित्र काढून बाह्यरेषेच्या दृश्यात उघडावे. बिंदू वेगवेगळे मोजता आले तर ठीक आहे. बिंदूंची सलग काळी पट्टी दिसली तर ती शैली वेक्टरची नाही.

रंग भरताना दोन्ही पद्धती वेगवेगळ्या जागी दगा देतात. रास्टरमध्ये काळ्या रेषेची कड एकदम काळी-पांढरी नसते. ती गुळगुळीत दिसावी म्हणून मधे करड्या छटांचे पिक्सेल असतात. रंगाची बादली ओतली की रंग त्या करड्या पिक्सेलांपाशी थांबतो आणि रेषेच्या आतल्या बाजूने फिकट झालर राहते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती दिसत नाही. मुलीला रात्रीच्या वाड्यात ठेवले की तिच्याभोवती पांढुरकी किनार चमकते. रेषा एका लेयरवर आणि रंग तिच्या खालच्या लेयरवर ठेवून, रंग रेषेच्या खाली एक-दोन पिक्सेल सरकू द्यायचा, हा त्यावरचा रोजचा उपाय. वेक्टरमध्ये झालर येत नाही, पण दोन रेषा जुळल्यासारख्या दिसतात आणि प्रत्यक्षात केसभर फट असते. बादली ओतली की रंग भरतच नाही. फटी किती मोठ्या असल्या तर मिटलेल्या समजायच्या याचे माप सॉफ्टवेअरमध्ये देता येते. ते फार वाढवले तर बोटांमधल्या खऱ्या जागाही रंगाने भरतात. शिवाय दोन वेक्टर आकार अगदी काठाला काठ लावून ठेवले तर मधून मागचा रंग बारीक रेषेसारखा डोकावतो. यासाठी एक आकार दुसऱ्याखाली थोडा सारून ठेवतात. दोन्ही पद्धतींतले हे दोष पकडायला सगळ्यांत मागे एक भडक जांभळ्या-गुलाबी रंगाचा लेयर ठेवावा. झालर, फट, राहून गेलेला कोपरा, सगळे लगेच दिसते.

मधली एक वाटही आहे, आणि ती आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते. टूंझ हे मूळचे इटलीतले सॉफ्टवेअर स्टुडिओ जिबलीने ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या (१९९७) काही भागासाठी वापरले होते. २०१६ पासून ते ओपनटूंझ या नावाने मोफत मिळते. त्यात वेक्टर आणि साधे रास्टर यांखेरीज टूंझ रास्टर नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात प्रत्येक पिक्सेलवर थेट रंग न ठेवता, रेषेचा रंग पॅलेटमधला कितवा आणि भरलेला रंग कितवा, हे क्रमांक ठेवले जातात. त्यामुळे कागदावरच्या पेन्सिलच्या रेषेचा चढउतार टिकतो, आणि तरी मुलीचा परकर हिरव्याचा निळा करायचा ठरला तर पॅलेटमधला एक रंग बदलला की सगळ्या चित्रांत बदलतो. मोठे करण्याची मर्यादा मात्र कुठल्याही रास्टरचीच.

प्रत्यक्षात लहान गटांची बहुतेक कामे मिश्र असतात. पार्श्वभूमी रंगवलेली, पात्रे वेक्टरची. यात वाड्याच्या ओल्या, डागाळलेल्या भिंतीपुढे मुलगी कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसते. ते झाकायला पुष्कळ जण सगळ्या फ्रेमवर कागदाचा पोत पसरतात. पोत पडद्याला चिकटलेला राहतो आणि मुलगी त्याच्याखालून सरकते. ती चालू लागली की हे लगेच जाणवते. त्यापेक्षा पोत पात्राच्या कपड्याला, चेहऱ्याला जोडावा म्हणजे तो तिच्याबरोबर हलेल. किंवा पार्श्वभूमीत पात्राजवळचा भाग थोडा सपाट ठेवावा. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण त्यात नजरही मुलीकडे जाते.

शॉटची सगळी चित्रे काढण्याआधी त्यातला सर्वांत मोठा झूम असलेला एक सेकंद, म्हणजे बारा चित्रे, पूर्ण रंगवून अंतिम मापात आणि अंतिम बिट-दरात काढून पाहावा. तो फोनवरही चालवावा आणि मोठ्या टीव्हीवरही. फोनवर पोत टिकतो का पाहायचे, टीव्हीवर कडा आणि डोळे. ही बारा चित्रे पुन्हा काढावी लागली तरी १२० वाचतात.

आणि काम संपल्यावर एक गोष्ट जरूर करावी. ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश प्लेअर बंद झाला आणि वेबवर फ्लॅशमध्ये चालणारी कितीतरी ॲनिमेशने ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. बिंदू शाबूत होते, पण ते वाचून चित्र काढणारा राहिला नव्हता. वेक्टरची मूळ फाइल नेहमीच अशी तिच्या सॉफ्टवेअरवर विसंबून असते. म्हणून मूळ फाइलीबरोबर फिल्मची प्रत्येक फ्रेम पीएनजी करून ठेवावी, शक्य तर दुप्पट मापात. दोन मिनिटांच्या फिल्मच्या २,८८० फ्रेम होतात. सपाट रंगांच्या असतील तर एका पेनड्राइव्हवर आरामात मावतात, रंगवलेल्या असतील तर हार्ड डिस्क लागेल.